भाड्याचे घर आणि नकाराचा निरोप: गोड कारणाचा गैरसमज

घर भाड्याने देण्याची जाहिरात दिली की बहुतेक वेळा एकाहून अधिक इच्छुक येतात, त्यांपैकी एकाशी करार होतो आणि उरलेल्यांना नकार कळवावा लागतो. हा नकार कसा कळवावा याविषयी घरमालकांमध्ये एक समजूत अशी पक्की रुजली आहे की तिचा सविस्तर विचार करणे भाग आहे. कारण सांगितल्याशिवाय नकार उद्धट वाटतो, आणि खरे कारण बोचणारे असेल तर एखादे गोड, निरुपद्रवी कारण रचून सांगणे हाच सभ्यपणा होय, अशी ती समजूत. ‘पुतण्या पुण्यात शिकायला येतोय, त्यालाच घर देणार आहोत’, ‘सध्या घर विकायचा विचार चालला आहे’, ‘आमची तयारी होती हो, पण सोसायटीने परवानगी दिली नाही’ हे तिचे नेहमीचे आविष्कार आहेत. वस्तुस्थिती अशी की भाड्याच्या घरांवरून होणाऱ्या अनेक कटकटींचे मूळ घर नाकारण्यात नसते, ते अशा रचलेल्या कारणात असते.

प्रथम कायद्याची बाजू पाहावी, कारण कारण देणे बंधनकारक आहे असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. भारतीय करार अधिनियम, 1872 नुसार एका पक्षाला प्रस्ताव मांडावा लागतो आणि दुसऱ्याला तो स्वीकारावा लागतो, तेव्हा करार आकाराला येतो. घर भाड्याने देण्याची जाहिरात हा सर्वसाधारणपणे असा प्रस्ताव मानला जात नाही, ते प्रस्ताव मांडण्याचे केवळ निमंत्रण असते. घर पाहून ‘आम्हाला पसंत आहे, आम्ही घेतो’ असे इच्छुक म्हणतो तेव्हा प्रस्ताव त्याच्याकडून येतो, आणि घरमालकाने तो स्वीकारल्याचे कळवले नसेल तोवर त्याला न स्वीकारण्याची मोकळीक असते. न स्वीकारण्याचे कारण लिहून देण्याची सरसकट सक्ती या अधिनियमात नाही, तशीच ती महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मध्येही नाही. अमेरिकेत घर भाड्याने देणाऱ्या मराठी कुटुंबांची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण तेथे इच्छुकाचा पतअहवाल मागवून त्याच्या आधारे नकार दिला तर तसे त्याला कळवणे आणि अहवाल कोणत्या संस्थेकडून घेतला हे सांगणे संघराज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे. तेथील नियम इकडच्या व्यवहाराला लावल्यानेही हा गोंधळ वाढतो.

कारण देण्याची सक्ती नसेल तर रचलेले कारण का दिले जाते, याचे उत्तर भिडेत आहे, आणि भीड समजण्यासारखी आहे. तिचा परिणाम काय होतो ते एका कल्पित उदाहरणातून तपशिलाने पाहता येईल. कोथरूडमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, भाडे 28,000 रुपये आणि अनामत 1 लाख रुपये आहे, आणि रविवारी तीन कुटुंबे घर पाहून गेली आहेत, असे धरावे. मालकाने पहिल्या कुटुंबाची निवड केली, कारण ते एक तारखेपासून राहायला येणार होते. दुसऱ्या कुटुंबाला पंधरा तारखेपासून घर हवे होते आणि पंधरा दिवसांचे भाडे बुडवण्याची मालकाची तयारी नव्हती. हे खरे कारण कोणालाही लागण्यासारखे नव्हते. तरीही ‘पैशांचे कसे बोलायचे’ या संकोचापोटी मालकाने दुसऱ्या कुटुंबाला कळवले की सोसायटीने परवानगी नाकारली.

आता दुसऱ्या कुटुंबाच्या ओळखीचे कोणीतरी त्याच इमारतीत राहते, कारण बहुधा त्या ओळखीतूनच त्यांना घराचा पत्ता लागलेला असतो. तो परिचित सेक्रेटरींना सहज विचारतो, आणि सेक्रेटरी सांगतात की आमच्याकडे कोणी काही विचारलेलेच नाही. येथे हे लक्षात घ्यावे की महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सहकार खात्याने नमुन्यादाखल दिलेल्या आणि बहुतेक संस्थांनी स्वीकारलेल्या नियमांनुसार, सभासदाला फ्लॅट भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. संस्थेला आधी कळवून कराराची प्रत द्यावी लागते. म्हणजे रचलेले कारण खोटे तर होतेच, शिवाय ते नियमातही बसत नव्हते आणि ज्यांचा या व्यवहाराशी संबंध नव्हता त्या पदाधिकाऱ्यांवर विनाकारण दोष टाकणारे होते. सेक्रेटरी नाराज होतात, ते कुटुंब मालकाला ‘मग खरे कारण काय?’ असे विचारते, आणि मालकाने आता तारखेचे खरे कारण सांगितले तरी त्यावर विश्वास बसत नाही. एकदा खोटे पकडले गेले की नाकारलेला माणूस उरलेली रिकामी जागा स्वतःच्या शंकेने भरतो: आपली जात आडवी आली असेल, धर्म आडवा आला असेल, घरातल्या आजारी माणसाकडे पाहून नाही म्हटले असेल. ज्या नकारात अपमानाचा लवलेश नव्हता तो अशा रीतीने अपमान ठरतो, आणि याला केवळ गोड कारण जबाबदार असते.

पुतण्याचे आणि विक्रीचे कारणही असेच उघडे पडते. संकेतस्थळावरची जाहिरात काढायची राहून जाते, किंवा तोच एजंट आठवड्याने त्याच कुटुंबाला नकळत तेच घर पुन्हा सुचवतो. मोबाइलवरचा संदेश तर लेखी पुरावाच असतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 नुसार आवश्यक प्रमाणपत्रासह असे इलेक्ट्रॉनिक अभिलेख न्यायालयात सादर करता येतात, त्यामुळे ‘जाता जाता लिहून टाकलेली’ ओळ पुढे कोणत्या कागदाला जोडली जाईल हे लिहिताना सांगता येत नाही.

यावर उपाय म्हणून काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि खरे ते स्पष्ट सांगावे असे म्हणतात. या भूमिकेत तथ्य आहे, पण तिला मर्यादा आहेत. ‘तुमचा पगार या भाड्याला पुरेसा वाटत नाही’ असे लिहिले की इच्छुकाच्या दृष्टीने तो नकार राहत नाही, ती वाटाघाटीची सुरुवात होते. तो पत्नीच्या पगाराचा कागद पाठवतो, भावाची हमी देऊ करतो, आणि मालकाला दुसऱ्यांदा, अधिक अवघड नकार द्यावा लागतो. ‘आम्ही अमुक लोकांना घर देत नाही’ या धाटणीचे वाक्य तर एका माणसाला उद्देशून असले तरी एका संपूर्ण समूहाला नाकारणारे असते, आणि ते वाचणाऱ्याला दुखावते यात नवल नाही. म्हणून व्यवहारात उपयोगी पडणारी कसोटी अशी: जे कारण इच्छुकाला आधीपासून माहीत आहे आणि ज्याचा पडताळा तो स्वतः घेऊ शकतो, उदाहरणार्थ राहायला येण्याची तारीख किंवा कराराची मुदत, ते खुशाल सांगावे, इच्छुकाच्या व्यक्तिमत्त्वाविषयी, कुटुंबाविषयी किंवा ऐपतीविषयी मालकाने केलेला अंदाज लिहू नये, आणि रचलेले कारण कधीही देऊ नये.

या कसोटीला उतरणारा निरोप फार लांब नसतो. वरच्या उदाहरणातील दुसऱ्या कुटुंबासाठी तो पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

‘नमस्कार. कोथरूडचा फ्लॅट पाहायला आपण रविवारी सहकुटुंब आलात, त्याबद्दल मनापासून आभार. आम्हाला एक तारखेपासून घर द्यायचे असल्याने दुसऱ्या कुटुंबाशी करार करायचे ठरवले आहे, त्यामुळे आपल्याला हे घर देता येणार नाही. आपण पाठवलेल्या आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती आम्ही मोबाइलमधून काढून टाकल्या आहेत. आपल्याला सोयीचे घर लवकर मिळो.’

यातील प्रत्येक वाक्याचे काम ठरलेले आहे. पहिले वाक्य हा निरोप सर्वांना पाठवलेला छापील मजकूर नसल्याचे दाखवते. दुसऱ्या वाक्यातील ‘देता येणार नाही’ हे शब्द निर्णय संपल्याचे निःसंदिग्धपणे सांगतात. ‘बघू’, ‘नंतर कळवतो’, ‘सध्या तरी नाही’ यांमुळे समोरचे कुटुंब आशेवर राहते आणि दुसरे घर हातचे घालवून बसते. कागदपत्रांविषयीचे वाक्य बहुतेक मालक विसरतात, पण अनोळखी माणसाकडे ओळखपत्रे राहिल्याची अस्वस्थता त्याने दूर होते. अर्थात प्रती खरोखर काढून टाकल्यानंतरच ते लिहावे. कारण सांगण्याजोगे नसेल तर तारखेचा उल्लेख गाळावा, बाकीचा निरोप तसाच उभा राहतो. कोणाचीच निवड झाली नसेल तर मात्र ‘दुसऱ्या कुटुंबाशी ठरवले’ असे लिहू नये. ‘आपल्याबरोबर करार करणे आम्हाला शक्य होणार नाही’ एवढे पुरते. त्यावर ‘पण का?’ असे उत्तर आले तर नवे स्पष्टीकरण न देता ‘सगळा विचार करून निर्णय घेतला आहे, आपण समजून घ्याल ही विनंती’ असे एकदाच लिहून थांबावे.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. कारण न लिहिण्याने भेदभाव कायदेशीर होत नाही, आणि सौम्य निरोप हा त्यावरचा पडदा म्हणून वापरणे चूकच आहे. ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, 2019 आणि एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 2017 या दोन्ही कायद्यांनी त्या त्या व्यक्तींना घर भाड्याने नाकारून भेदभाव करण्यास स्पष्ट मनाई केली आहे. अशा ठिकाणी निर्णयच बदलावा लागतो.

उरलेले गैरसमज थोडक्यात उरकता येतात. उत्तर न देणे हेच उत्तर, हे खरे नाही. संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा दिसत असताना पाळलेले मौन नकारापेक्षा अधिक दुखावते. एजंट कळवेलच, हेही गृहीत धरू नये, कारण त्याला ते गिऱ्हाईक दुसऱ्या घरासाठी टिकवायचे असते आणि तो नकाराचा दोष स्वाभाविकपणे मालकावर ढकलतो. ‘क्षमस्व’ लिहिले की चूक कबूल केल्यासारखे होते, ही भीती निराधार आहे.

टोकनचा गैरसमज मात्र खर्चात पाडणारा आहे. टोकन म्हणजे घर आपल्यासाठी राखून ठेवावे म्हणून करारापूर्वी दिलेली छोटी रक्कम, आणि ती घेतल्यावरही केवळ एक नम्र संदेश पाठवून मोकळे होता येते, असे काही मालक समजतात. टोकन घेणे आणि सोबत ‘घर तुमचेच समजा’ असे लिहिणे हा प्रस्ताव स्वीकारल्याचा पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो, आणि मग वाद नकाराचा न राहता शब्द मोडल्याचा होतो. म्हणून निवड पक्की होईपर्यंत कोणाचेही टोकन घेऊ नये, एकाच वेळी दोघांचे तर मुळीच घेऊ नये. घेतले असेल आणि नाकारण्याची वेळ आलीच, तर आधी फोन करावा, पूर्ण रक्कम त्याच दिवशी, ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करावी, आणि मगच निरोप पाठवून त्यात परत केलेली रक्कम, तारीख आणि व्यवहाराचा क्रमांक लिहावा.