नवा नंबर बँकेला कळवताना

साताऱ्यात बँकेचं खातं असलेले एक निवृत्त गृहस्थ मुलीकडे पुण्याला राहायला गेले. तिथे त्यांनी नवं सिमकार्ड घेतलं आणि जुन्याचा रिचार्ज करणं सोडून दिलं. पेन्शन जमा होत होती, त्यामुळे बरेच दिवस काहीच अडलं नाही. नेटबँकिंगवरून पैसे पाठवायची वेळ आली, तेव्हा मात्र ओटीपी बंद पडलेल्या नंबरावर गेला.

काम अडलं, एवढ्यावर हे थांबत नाही. प्रीपेड नंबर सलग 90 दिवस वापरलाच नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झालेला नंबर त्यानंतर किमान 90 दिवस दुसऱ्या कोणाला देत नाहीत, असं दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. ही मुदत संपली की तोच नंबर नव्या ग्राहकाला मिळू शकतो, आणि बँकेच्या नोंदीत तो तसाच राहिला असेल तर आपले व्यवहाराचे संदेश आणि ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जातात.

जुनं सिम चालू असताना हे काम सोपं असतं. बऱ्याच बँकांत एटीएम किंवा नेटबँकिंगवरून नंबर बदलता येतो, पण पडताळणीचा ओटीपी बहुधा जुन्या नंबरावरही येतो. तो नंबर बंद झाला असेल, तर शाखेत जाऊन लेखी अर्ज देणं हाच खात्रीचा मार्ग. या गृहस्थांचा अर्ज असा होता:

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
(बँक व शाखेचे नाव)

विषय: खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक बदलण्याबाबत.

महोदय,
आपल्या शाखेत माझे बचत खाते क्र. (पूर्ण क्रमांक) असून ग्राहक क्रमांक (पूर्ण क्रमांक) आहे. खात्याशी जोडलेला मोबाइल क्र. (जुना क्रमांक) बंद झाला असून तो आता माझ्याकडे नाही. कृपया तो आपल्या सर्व नोंदींतून काढून त्याजागी (नवा क्रमांक) नोंदवावा. एसएमएस सूचना, डेबिट कार्ड, नेटबँकिंग व मोबाइल बँकिंग या सर्व सेवांसाठी यापुढे हाच क्रमांक वापरावा. जुन्या क्रमांकावरून सुरू असलेली मोबाइल बँकिंग व यूपीआय सेवा बंद करावी.
सोबत: ओळखपत्राची स्वसाक्षांकित प्रत, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत.

आपला विश्वासू,
(बँकेत नोंद असलेली सही, नाव, दिनांक)

या अर्जातला कळीचा भाग म्हणजे जुना नंबर ‘काढून’ टाकण्याची विनंती. नुसतं ‘नवा नंबर जोडावा’ असं लिहिलं, तर तो पर्यायी नंबर म्हणून नोंदला जाण्याची आणि ओटीपी पूर्वीच्याच नंबरावर जात राहण्याची शक्यता उरते. ग्राहक क्रमांकही आवर्जून लिहावा. काही बँका त्याला सीआयएफ म्हणतात. एकाच माणसाची बचत, मुदत ठेव, कर्ज अशी सगळी खाती या क्रमांकाखाली येतात. संयुक्त खात्यात पत्नीचा ग्राहक क्रमांक वेगळा असतो, म्हणून तिचा नंबर बदलला असेल तर तिने स्वतंत्र अर्ज द्यावा.

अर्ज बहुतेक वेळा अडतो तो सहीवर. वीस वर्षांपूर्वी खातं उघडतानाची सही आणि आजची थरथरती सही जुळत नाही. अशा वेळी मूळ ओळखपत्र घेऊन स्वतः जावं आणि सहीची नवी नोंदही त्याच फेरीत करून घ्यावी. बँकेची ही काटेकोर तपासणी आपल्याच भल्याची असते, कारण दुसऱ्याच्या खात्याला स्वतःचा नंबर जोडून पैसे काढणं हा भामट्यांचा ठरलेला डाव आहे. ‘नंबर अपडेट करून देतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो तिथेच बंद करावा. अर्जात पिन किंवा पासवर्ड कधीही लिहू नये.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. रिझर्व्ह बँकेने जुलै 2017च्या परिपत्रकात असा नियम घातला की, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना खात्यातून परस्पर पैसे गेले आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत ग्राहकाने ते कळवलं, तर त्याच्यावर तोशीस येत नाही. उशीर होईल तशी जबाबदारी वाढते. पण सूचनाच दुसऱ्याच्या फोनवर गेली, तर कळवणार कोण? आणि आपण नंबर बदलल्याचं वेळेत सांगितलं होतं, हे दाखवायला हातात ती शिक्क्याची प्रतच असते.

नोंद झाल्याचा संदेश नव्या नंबरावर आला, तरी एक छोटा व्यवहार करून ओटीपी कुठे येतो ते पाहावं. यूपीआयची नोंदणी नव्या सिमवरून पुन्हा करावी लागते. आधारशी जोडलेला नंबर बँक बदलत नाही, तो वेगळा बदलावा लागतो. अर्जाला तीस दिवसांत उत्तर मिळालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. हे सगळं पार पडेपर्यंत जुनं सिम चालू ठेवता येत असेल, तर त्याचा रिचार्ज बंद करू नका.