रोजादाराच्या रक्तातला धूर

नांदेडचा इतवारा असो की लातूरची गंजगोलाई, मगरिबची अजान झाली की खजूर तोंडात पडतो, दोन घोट पाणी पोटात जाते आणि काही हात लगेच खिशातल्या सिगारेटकडे वळतात. धूम्रपानाने रोजा तुटतो, म्हणून दिवसभर ते थांबलेले असतात. या थांबण्यात शरीरात काय घडते, ते समजून घेण्याजोगे आहे.

सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड वायू असतो. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. पण हा वायू त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. तेवढी जागा अडली की हृदयाला कमी प्राणवायूवर जास्त काम करावे लागते. फिल्टर हा वायू अडवू शकत नाही. बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही येथे फसते. अडलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेलेच वाटते आणि आकडा चांगला दिसतो.

समजा, सहेरीला शेवटची सिगारेट ओढणाऱ्याचे ८ टक्के हिमोग्लोबिन असे अडलेले आहे. साध्या हवेत हे प्रमाण सुमारे पाच तासांत निम्मे होते. म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमारास ४ टक्के, दुपारी साडेतीनला २ टक्के आणि इफ्तारपर्यंत दीडच्याही खाली. धूम्रपान न करणाऱ्याच्या रक्तात साधारण एवढेच असते. एका रोजात रक्त जवळजवळ स्वच्छ होते. इफ्तारनंतर एकामागून एक सिगारेटी ओढल्या की झोपेपर्यंत ते पुन्हा भरते.

निकोटीन त्याहून लवकर, साधारण दोन तासांत निम्मे होते. दुपारची चिडचिड आणि डोकेदुखी भुकेची वाटते. पुष्कळदा ती निकोटीनची ओढ असते. दिवसभराने सवय थोडी उतरलेली असते, म्हणून रिकाम्या पोटी घेतलेल्या पहिल्या झुरक्याने गरगरते आणि मळमळते.

डांबराचा हिशेब मात्र निराळा आहे. हा वायू नव्हे. धुरातल्या सूक्ष्म कणांचा तपकिरी, चिकट थर आहे. बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये त्यातच असतात आणि ती पेशींच्या जनुकांना इजा करतात. श्वासनलिकेतले बारीक केस हा मळ वर ढकलतात. पण धुरातले ॲक्रोलिन आणि हायड्रोजन सायनाइड त्या केसांनाच लुळे करतात. तेरा तासांत डांबर निघत नाही. केस सावरायला आठवडे, महिने लागतात. त्या काळात खोकला आणि बेडका वाढला, तर सिगारेट सोडल्याने बिघडले असे अनेकांना वाटते. बहुधा ती सफाई सुरू झालेली असते. बेडक्यात रक्त दिसले किंवा छातीत दुखले, तर मात्र डॉक्टरांकडे जायलाच हवे.

रक्ताला एक रोजा पुरतो. फुप्फुसांना ईदनंतरचे महिनेही लागतात.