ऑफर लेटरमधले तीस हजार

‘वार्षिक सीटीसी ३,६०,०००’ वाचून फ्रेशर महिन्याला तीस हजार धरून चालतो. पण मूळ पगार १५,००० असेल, तर कंपनीचा पीएफचा वाटा १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२२ रुपये त्यातच मोजलेले असतात. वर्षाकाठी मिळणारा, तोही कामगिरीवर ठरणारा ३६,०००चा व्हेरिएबल पेसुद्धा त्यातलाच. मग स्वतःचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० कापला की हातात साधारण साडेबावीस हजार पडतात.

मी मात्र आधी प्रोबेशनचं कलम वाचेन. ‘सहा महिन्यांनंतर लेखी पत्राने कायम केले जाईल’ असं असेल, तर पत्र येईपर्यंत प्रोबेशन सहसा चालूच राहतं. रुजू होताना अंतिम गुणपत्रिका हवी असेल आणि निकाल लांबला, तर मुदतवाढ ईमेलवर घ्यावी. फोनवरचं ‘चालेल’ पुरत नाही.