एजंटचा कमिशन-हिशेब कसा पाठवावा

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला विजेचे पॅनेल बनवणारा एक छोटा प्रायव्हेट लिमिटेड कारखाना डोळ्यांसमोर आणू. धुळे-जळगाव भागातली विक्री एका एजंटकडे आहे. ठरलेलं कमिशन 5 टक्के, तेही पैसे जमा झाल्यावर आणि जीएसटी वगळून. हा हिशेब ऑक्टोबर 2025चा. आकडे उदाहरणादाखल आहेत.

ऑर्डर आणि वसुली

भांडण बहुतेक वेळा इथेच होतं. एजंटने महिन्यात साडेचार लाखांच्या ऑर्डरी आणल्या, म्हणून त्याच्या मनात कमिशन साडेबावीस हजार. कारखान्यात मात्र पैसे आले 2,36,000 आणि तेही ऑगस्ट-सप्टेंबरच्या बिलांचे. त्यातला 18 टक्के जीएसटी काढला की मूळ रक्कम 2,00,000 उरते आणि कमिशन 10,000 होतं.

दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, म्हणून हिशेबात दोन्ही दिसलं पाहिजे. प्रत्येक ऑर्डरपुढे बिल नंबर, बिलाची तारीख, जमा रक्कम आणि बाकी लिहावी. साडेचार लाखांपैकी अडीच लाखांचा माल गेला, दोन लाखांचा अजून तयार व्हायचा आहे, हे वाचलं की उरलेलं कमिशन बुडालेलं नाही, पुढे येणार आहे, हे एजंटला कळतं. ग्राहकाने चेक दिला असेल तर तो वटल्याच्या तारखेलाच रक्कम जमा धरावी.

वजावट

सप्टेंबरमध्ये ज्या बिलावर कमिशन दिलं, त्यातला 20,000चा माल परत आला. म्हणून 1,000 वजा. इथे नुसतं ‘माल परत’ लिहून भागत नाही. मूळ बिल नंबर, क्रेडिट नोटचा नंबर आणि कमिशन कोणत्या महिन्यात दिलं होतं, हे तिन्ही हवं. उरले 9,000.

टीडीएस

ऑक्टोबर 2025मध्ये कमिशनवरचा टीडीएस कलम 194एचखाली कापला जात होता. 1 ऑक्टोबर 2024पासून दर 5ऐवजी 2 टक्के झाला आणि 1 एप्रिल 2025पासून वर्षाला 20,000पर्यंत कपात नाही. आपल्या एजंटने ती मर्यादा आधीच ओलांडली आहे, पॅनही दिलेला आहे. म्हणून 180 रुपये. पॅन नसता तर दर 20 टक्के लागला असता.

सप्टेंबरच्या दौऱ्यासाठी दिलेल्या उचलीतले 2,000 खर्च न होता एजंटकडेच राहिले आहेत. ते टीडीएसनंतर वळते करावेत. आधी वळते केले तर टीडीएस 7,000वर निघतो आणि तो चुकीचा ठरतो, कारण कमाई 9,000चीच आहे. हाती येणारी रक्कम 6,820.

ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 या तिमाहीचं फॉर्म 16ए 15 फेब्रुवारीपर्यंत एजंटला द्यायचं होतं. कापलेले 180 रुपये त्याचेच आहेत, विवरणपत्र भरताना ते त्याला करात वळते मिळतात, हे हिशेबाखाली एका ओळीत जरूर लिहा.