रोख्यांची ओळख : मधल्या पंचाहत्तर दिवसांचे व्याज

या आठवड्यात यील्डचे गणित सोडवायचे ठरले होते. ते पुढच्या वेळेवर ढकलतो, कारण अंबड तालुक्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचे पत्र आले आहे, आणि त्यांच्या शंकेचे उत्तर मिळाल्याशिवाय यील्डला हात घालण्यात अर्थ नाही. गुरुजींनी रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून केंद्र सरकारचा ७.१८ टक्के २०३३ हा रोखा घेतला, दर्शनी किंमत एक लाख रुपये. ‘भाव १०२ रुपये १० पैसे दिसत होता. म्हणजे १,०२,१०० रुपये जायला हवे होते. गेले १,०३,५९५ रुपये ८३ पैसे. या खात्याला दलाली नाही असे तुम्हीच लिहिले होते. मग हे वरचे दीड हजार कोणी घेतले?’

ते घेतले रोखा विकणाऱ्याने, आणि ते त्याच्याच हक्काचे होते. कसे ते पाहू.

हा रोखा १४ ऑगस्ट २०२३ ला निघाला. त्याचे व्याज वर्षातून दोनदा मिळते, १४ फेब्रुवारीला आणि १४ ऑगस्टला. लाखाला वर्षाचे ७,१८०, म्हणजे दर खेपेला ३,५९० रुपये. सरकार हे पैसे त्या तारखेला रोखा ज्याच्या नावावर असेल त्याला देते. आधीचे किती दिवस तो कोणाकडे होता याची चौकशी सरकार करत नाही. गुरुजींचा व्यवहार पुरा झाला २९ ऑक्टोबरला. तोवरचे व्याज विकणाऱ्याने कमावले होते, पण फेब्रुवारीत सगळे ३,५९० जाणार गुरुजींच्या खात्यात. म्हणून विकणाऱ्याचा वाटा त्यांना खरेदीच्या दिवशीच चुकता करावा लागला. घनसावंगीकडे झाडावर फळ असताना मोसंबीची बाग विकली गेली, तर जमिनीच्या भावाबरोबर लागलेल्या बहाराचाही हिशेब होतो, तसेच हे.

आता आकडा. १४ ऑगस्ट ते १४ ऑक्टोबर दोन महिने, म्हणजे ६० दिवस, आणि तिथून २९ ऑक्टोबरपर्यंत १५. एकूण ७५. वर्ष ३६० दिवसांचे धरून ७,१८० ला ७५ ने गुणा आणि ३६० ने भागा. उत्तर येते १,४९५ रुपये ८३ पैसे. गुरुजींनी पडद्यावर पाहिला तो १०२.१० हा क्लीन भाव, साचलेले व्याज सोडून. खात्यातून गेला तो डर्टी भाव, ते व्याज धरून. व्यवहाराच्या तपशिलात ‘अॅक्रूड इंटरेस्ट’ अशी ओळ असते, तिथे हाच आकडा सापडेल. एक गोष्ट मात्र पाहावी : दिवस मोजायचे ते पैसे आणि रोखा प्रत्यक्ष हातबदल होण्याच्या तारखेपर्यंत, सौदा ठरला त्या तारखेपर्यंत नव्हे. सरकारी रोख्यांत तो साधारणपणे पुढचा कामाचा दिवस असतो. हिशेबात लाखाला वीसेक रुपयांचा फरक दिसला, तर बहुधा एक दिवस इकडेतिकडे मोजला गेलेला असतो.

फेब्रुवारीत ३,५९० जमा होतील तेव्हा त्यातले १,४९५.८३ म्हणजे गुरुजींचेच परत आलेले पैसे. उरलेले २,०९४.१७ हे त्यांच्या १०५ दिवसांचे व्याज.

मग बाजार एकच पूर्ण भाव का सांगत नाही? सांगितला असता तर या रोख्याचा भाव शंभराला रोज साधारण दोन पैसे चढताना दिसला असता आणि व्याजाच्या तारखेला एकदम ३ रुपये ५९ पैशांनी कोसळला असता. व्याजदर तसूभरही न हलता! खरी घसरण कोणती आणि तारखेची कोणती, हे दर वेळी आकडेमोड करून ओळखावे लागले असते. क्लीन भाव हलला, तर तो व्याजदरांच्या हालचालीने हलला असे बहुतांशी धरून चालता येते.

३६० दिवसांच्या वर्षाबद्दल थोडे लिहायलाच हवे, मला हा भाग फार आवडतो. या पद्धतीत प्रत्येक महिना तीस दिवसांचा. म्हणून ३० ऑक्टोबरला आणि ३१ ऑक्टोबरला साचलेले व्याज सारखेच भरते. ३१ तारखेचे काही मिळत नाही. त्याची भरपाई फेब्रुवारी करतो. याच रोख्यात २८ फेब्रुवारीपर्यंत १४ दिवस होतात आणि दुसऱ्या दिवशी, १ मार्चला, थेट १७. एका रात्रीत तीन दिवसांचे व्याज. कंपन्यांच्या रोख्यांना मात्र कॅलेंडरचे खरे दिवस मोजतात, तिथे हे गणित लावू नये.

गुरुजींनी पत्राच्या शेवटी एक बेत विचारला आहे : व्याजाच्या तारखेच्या दोन दिवस आधी रोखा घेतला तर सहा महिन्यांचे व्याज पदरात पडेल ना? पडेल, पण विकत घेतलेले. १२ फेब्रुवारीला १७८ दिवस भरलेले असतात, म्हणजे ३,५५० रुपये ११ पैसे आधी मोजायचे आणि दोन दिवसांनी ३,५९० घ्यायचे. कमाई ३९ रुपये ८९ पैसे. आणि प्राप्तिकराच्या विवरणात मात्र ३,५९० हे सगळे व्याजाचे उत्पन्न म्हणून उभे राहते. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ७१८ रुपये कर, वर उपकर.

विक्रेत्याला दिलेले ३,५५० त्यातून वजा करता येतात का, यावर बँका आणि प्राप्तिकर खाते अनेक वर्षे भांडले. बँकेच्या भाषेत हे ब्रोकन पीरियड इंटरेस्ट. रिझर्व्ह बँक बँकांना सांगते की ही रक्कम रोख्याच्या किमतीत मिळवू नका, खर्चात टाका. कर खाते विजया बँकेच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर बोट ठेवून म्हणे की हा भांडवली खर्च आहे, वजावट नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसच्या प्रकरणात बँकेच्या बाजूने कौल दिला. शेवटी १६ ऑक्टोबर २०२४ रोजी बँक ऑफ राजस्थानच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की बँकेने रोखे व्यापारातला माल म्हणून धरले असतील तर वजावट मिळेल. गुरुजींचे रोखे दुकानातला माल नाहीत, ती गुंतवणूक आहे. म्हणून हा निकाल आपोआप त्यांना लागू होत नाही. सावध माणसाने ती रक्कम खरेदी किमतीत धरावी, म्हणजे विकताना किंवा मुदत संपताना तिचा हिशेब लागतो. पण तोवर कर मात्र आधीच भरलेला असतो. व्याजाच्या तोंडावर खरेदी टाळावी असे मी म्हणतो ते यासाठी.

वर ‘बहुतांशी’ लिहिले, त्यातून यील्डचा रस्ता निघतो. साचलेले व्याज सरळ रेषेत मोजतात, रोज सारखेच. यील्ड मात्र चक्रवाढीने वागते. समजा, हाच रोखा ७.१८ टक्के यील्डवर आहे, म्हणजे व्याजाच्या तारखेला भाव बरोबर १००. यील्ड जराही न बदलता तीन महिन्यांनी पूर्ण भाव येतो सुमारे १०१.७७९, आणि साचलेले व्याज १.७९५. वजा केल्यावर क्लीन भाव ९९.९८४, शंभरापेक्षा दीड पैशाने कमी. लाखाला हे सोळा रुपये होतात. पुढच्या आठवड्यात यील्ड काढू ते पूर्ण भावावर, म्हणजे गुरुजींच्या १,०३,५९५.८३ वर. कागद-पेन्सिल आणि जमल्यास वर्गमुळाचे बटण असलेला कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.