पोल कडक की नरम?

बांबूउडीत खेळाडू धावण्याच्या वेगाचे उंचीत रूपांतर करतो. सेकंदाला ९ मीटर वेगाने धावणाऱ्या माणसाची सगळी गतिज ऊर्जा वर चढण्यात खर्च झाली, तर शरीराचा गुरुत्वमध्य ४.१३ मीटरने वर जाईल. जमीन सोडताना तो आधीच सव्वा मीटरच्या आसपास असतो. म्हणजे बेरीज जवळपास ५.४ मीटर होते. हाच वेग १० मीटर असेल तर बेरीज ६.३ च्या पुढे जाते. पोल खोक्यात टेकवून उडताना यातली काही ऊर्जा वाया जाते, आणि दंड, खांदे व पोटाच्या स्नायूंच्या जोरावर खेळाडू ती बरीचशी भरून काढतो. मात्र वेगाचा वर्ग होत असल्यामुळे ९ च्या आसपास सेकंदामागे ०.१ मीटरचा फरकसुद्धा सुमारे ९ सेंटिमीटरचा ठरतो.

पण वेग असला की उंची मिळाली, असे होत नाही. पोल आधी उभा राहिला पाहिजे. खोका जमिनीखाली २० सेंटिमीटर असतो, त्यामुळे पोलवर ४.६० मीटरवर पकड असली तरी पोल सरळ उभा झाल्यावर वरचा हात जमिनीपासून ४.४० वर येतो. त्यापुढची उंची हातांवर उलटे होऊन स्वतःला वर ढकलण्यातून मिळते. सर्गेई बुबकाने १९९३ मध्ये दोनेत्स्कला बंदिस्त मैदानात ६.१५ मीटर ओलांडले. त्याची पकड ५.१ मीटरच्या आसपास धरली, तर हातापासून दांडीपर्यंत त्याने सव्वा मीटर कमावले. कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने १९४२ मध्ये खऱ्या बांबूवर ४.७७ ओलांडले तेव्हा त्याची पकड चार मीटरच्या आसपास होती. या दोघांमधला मोठा फरक पकडीचाच आहे.

वॉर्मरडॅमला पकड वर का नेता आली नाही, याचे उत्तर पोलच्या वाकण्यात आहे. पकड जितकी वर, तितका पोल उभा करणे जड, कारण खेळाडूचे वजन टेकूपासून लांब जाते. बांबू फारसा वाकत नसे, त्यामुळे पूर्ण लांबी फिरवावी लागे. १९६० नंतर रूढ झालेला फायबरग्लासचा पोल कमानीसारखा वाकतो. त्याच्या दोन टोकांमधले सरळ अंतर कमी होते, आणि त्या आखूड झालेल्या अवस्थेत तो सहज पुढे फिरतो. मग साठवलेली ऊर्जा परत देत तो सरळ होतो आणि उलट्या झालेल्या खेळाडूला वर नेतो.

येथे कडकपणाचा प्रश्न येतो, आणि या खेळातला सगळ्यात हट्टी भाग हाच. कडकपणा मोजण्याची पद्धत साधी आहे: पोल दोन टोकांजवळ टेकवून मध्ये २२.७ किलोचे वजन टांगतात आणि तो किती सेंटिमीटर झुकला ते पाहतात. आकडा लहान, तर पोल कडक. पण पोलवर छापलेला हा आकडा खेळाडूच्या हातात तसाच राहत नाही. त्याच पोलवर पकड वर नेली की तो नरम वागतो, खाली आणली की कडक.

समजा, ९ मीटर वेगाचा एक खेळाडू ४.६० वर पकड ठेवून ५.१० पार करतो. त्याला ५.३० हवे आहे. पकड दहा सेंटिमीटर वर नेली तर तोच पोल जास्त वाकेल. शरीर वर जाण्याआधीच तो खेळाडूला पुढे नेईल, आणि चढतानाच छाती किंवा मांड्या दांडीला लागतील. म्हणून पकड वर जाते तेव्हा बहुधा पोलही एक पायरी कडक घ्यावा लागतो. आता वारा समोरून आला आणि वेग ८.८ वर घसरला. कागदावर १८ सेंटिमीटर गेले. कडक पोल पुरेसा वाकत नाही, उभा होण्याआधीच थबकतो, आणि खेळाडू धावपट्टीच्या बाजूला मागे फेकला जातो. ही चूक सर्वांत धोकादायक, कारण तिथे गादी संपलेली असते.

म्हणून प्रशिक्षक दांडीपेक्षा खेळाडू गादीवर कुठे पडतो तेच आधी पाहतो. गादीच्या पुढच्या कडेजवळ पडला, तर पोल नरम घ्यायचा किंवा पकड उतरवायची. गादीच्या मागच्या भागात खोल पडला, तर वेग उरला आहे आणि कडक पोल चालेल. दांडी खोक्याच्या मागच्या कडेपासून ८० सेंटिमीटरपर्यंत मागे सरकवता येते, पण तिच्या जागेने पोलची चुकीची निवड झाकली जात नाही.

या कारणानेच खेळाडू स्पर्धेला एका पोलनिशी येत नाहीत. त्यांच्या पिशवीत कडकपणाच्या लहानलहान पायऱ्यांचे अनेक पोल असतात, आणि दांडी चढत जाते तसे ते बदलले जातात. मधली एक पायरी हरवली तरी हिशेब मोडतो. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत ब्राझीलच्या फाबियाना मुरेरला नेमका हवा तो पोल सापडला नाही. दुसऱ्या पोलवर तिला पुढची उंची साधता आली नाही. तीन वर्षांनी देगू येथे ४.८५ मीटर ओलांडून ती जगज्जेती झाली.