आधी टब, मग रुग्णवाहिका

एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातल्या मैदानांवर उसंत नसते. शाळांना सुट्टी लागते आणि टेनिस बॉल क्रिकेटपासून फुटबॉलपर्यंत सगळ्या स्पर्धा ऐन उन्हाळ्यात येतात. संयोजक जबाबदार असले, तर मंडपाच्या खांबावर एक सूचनाही लागते: भरपूर पाणी प्यावे, टोपी घालावी, त्रास झाल्यास कळवावे. सूचना चुकीची नाही. पण ज्या खेळाडूच्या जिवावर बेतते, त्याच्यासाठी तिच्यात एक अक्षरही नसते. खरा उष्माघात झालेला खेळाडू स्वतःहून काही कळवू शकत नाही, कारण सगळ्यात आधी त्याचा मेंदू बिघडतो.

अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात २९ मे २०१८ रोजी हेच घडले. जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा फुटबॉलपटू सरावात एकामागून एक धावा मारत होता. हवा तिशीच्याही आतच होती. धावता धावता त्याला उभे राहणे जड जाऊ लागले. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णवाहिका बोलावेपर्यंत जवळपास तास गेला, आणि त्या तासात कोणीही त्याला थंड पाण्यात बसवले नाही. रुग्णालयात पोचला तेव्हा त्याच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या वर होते. दोन आठवड्यांनी, १३ जूनला, तो गेला. लक्षणे वेळीच ओळखली गेली नाहीत आणि थंड पाण्याचा उपचार झाला नाही, असे नंतरच्या स्वतंत्र चौकशीत नोंदवले गेले. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली.

त्याच देशात मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फालमथ गावी दर ऑगस्टमध्ये सुमारे ११ किलोमीटरची शर्यत होते. ऊन, दमटपणा आणि अंतर कमी असल्यामुळे जिवाच्या आकांताने धावणारे लोक, असा तिथला मेळ. साहजिकच उष्माघात होतात. १८ वर्षांत तिथल्या वैद्यकीय तंबूत असे २७४ रुग्ण आले. आल्यावर त्यांचे सरासरी तापमान ४१ अंशांहून जास्त, म्हणजे मॅकनेअरइतकेच होते. २७४ पैकी एकही दगावला नाही. बहुतेक जण त्याच दिवशी घरी गेले. त्या तंबूत बर्फाच्या पाण्याने भरलेले टब आधीपासून तयार असत आणि कोसळलेल्या धावपटूला सर्वप्रथम त्यात बसवले जाई. एवढाच काय तो फरक.

यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. खेळताना स्नायू भट्टीसारखी उष्णता तयार करतात. घाम वाळताना ती बाहेर पडते. तयार होणारी उष्णता बाहेर पडणाऱ्या उष्णतेपेक्षा बराच वेळ जास्त राहिली, की शरीराच्या आतले तापमान ४० अंश ओलांडते आणि मेंदू, यकृत, मूत्रपिंड या अवयवांच्या पेशी मरू लागतात. किती नुकसान होणार, हे तापमान किती चढले यापेक्षा ते किती वेळ चढलेले राहिले यावर जास्त ठरते. पहिल्या अर्ध्या तासात ते खाली आणले, तर खेळाडू वाचण्याची शक्यता फार मोठी असते. बर्फाच्या पाण्यात शरीर साधारण पाच मिनिटांना एक अंश थंड होते. ओले फडके, पंखा किंवा काखेत ठेवलेली बर्फाची पिशवी यांनी हा वेग गाठता येत नाही. आपल्याकडच्या तालुक्याच्या रस्त्यांवर हा अर्धा तास रुग्णवाहिकेतच संपतो. म्हणून १०८ला फोन लगेच करायचा, पण गाडीची वाट बघत हातावर हात ठेवून बसायचे नाही.

उष्माघात ओळखायचा कसा? इथे जुनी शिकवण घात करते. ‘अंग कोरडे पडले तरच उष्माघात’ ही खूण ऊन लागलेल्या वृद्धांमध्ये दिसते. धावणारा खेळाडू मात्र घामाने निथळत असतानाही उष्माघाताने कोसळतो. काखेतला किंवा कपाळावर धरायचा थर्मामीटर इथे विश्वासाचा नाही, कारण भिजलेली त्वचा आतल्यापेक्षा थंड असते. खरे तापमान गुदद्वारातच मोजता येते, आणि ते प्रशिक्षित माणसाचे काम आहे. असा माणूस नसेल तर वागणे पाहायचे. खेळाडू असंबद्ध बोलतो, स्कोअर विसरतो, विनाकारण चिडतो, चुकीच्या दिशेला चालू लागतो, तोल जातो. भर उन्हात खेळताना यातले काही दिसले, तर उष्माघात समजूनच पुढे जायचे.

आता टब. सूचनेत खरी जागा याला हवी. मोठा प्लास्टिकचा टब सावलीत, मैदानालगत ठेवायचा आणि सामना सुरू होण्याआधी निम्म्यावर पाण्याने भरायचा. शेजारच्या पेटीत फोडलेली लादी हवी. गरज पडली की बर्फ ओतायचा, बूट आणि जड कपडे काढायचे आणि खेळाडूला मानेपर्यंत बुडवायचे. काखेखालून टॉवेल घालून मागून एकाने धरून ठेवायचे, म्हणजे डोके पाण्याखाली जात नाही. दुसऱ्याने पाणी सतत ढवळायचे, नाहीतर अंगाभोवती कोमट पाण्याचा थर साचतो. तापमान मोजता येत नसेल तर १० ते १५ मिनिटे ठेवावे. टब मिळाला नाही, तर पाच-सहा जणांनी ताडपत्रीच्या कडा उचलून धराव्यात, मध्ये खेळाडू, त्यावर बर्फ आणि पाणी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. तापाच्या गोळीचाही इथे उपयोग नाही. हा ताप आजाराचा नसतो.

सामना थांबवायचा कधी, हे सूचनेतले दुसरे कलम. नुसता हवेचा पारा पाहणे फसवे आहे. खेळाच्या वैद्यकात आर्द्रता, ऊन आणि हवा तिन्ही धरणारा आकडा वापरतात, त्याला डब्ल्यूबीजीटी म्हणतात. ओल्या फडक्यातल्या थर्मामीटरच्या आकड्याचे ७० टक्के, उन्हात टांगलेल्या काळ्या गोळ्यातल्याचे २० टक्के आणि साध्या हवेचे १० टक्के, अशी बेरीज करायची. कोकण किनाऱ्यावर हवा ३४, ओले फडके २८, काळा गोळा ४८ दाखवत असेल, तर आकडा ३२.६ येतो. विदर्भात कोरडी हवा ४२, फडके २२, गोळा ५५ असेल, तर ३०.६. म्हणजे ‘फक्त ३४ तर आहे’ असे म्हणणाऱ्या रत्नागिरीच्या मैदानावर शरीरावरचा ताण नागपूरपेक्षा जास्त. नागपूर सुरक्षित आहे, असे मात्र यातून कोणी समजू नये. २०१४च्या फुटबॉल विश्वचषकात फिफाने ३२ ही थंडाव्याच्या विश्रांतीची पायरी धरली होती. ती व्यावसायिक, सवय झालेल्या खेळाडूंसाठी. आपल्या शाळकरी मुलांसाठी त्याच्या बऱ्याच आधी थांबायला हवे. वातानुकूलित खोलीत परीक्षेचा अभ्यास करून पहिल्याच दिवशी मैदानात उतरलेल्या मुलाच्या शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात.

आणि थांबवायचे कोणी? प्रशिक्षकाच्या हाती हा निर्णय ठेवू नये. डीन जोन्सने १९८६मध्ये मद्रासच्या कसोटीत ओकाऱ्या काढत २१० धावा केल्या आणि मग त्याला रुग्णालयात सलाईन लावावे लागले. ती खेळी शौर्यकथा म्हणून अजून सांगितली जाते, आणि थकलेल्या मुलाला ‘अजून एक ओव्हर’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकाच्या मनात तीच कथा असते. सामन्यात कशाचाही स्वार्थ नसलेल्या एका माणसाचे नाव आणि मोबाइल क्रमांक सूचनेवर छापावा. त्याने थांबा म्हटले की पंचांनी खेळ थांबवायचा, त्यावर अपील नाही.

या मे महिन्यात आपले मूल कुठल्या स्पर्धेला जाणार असेल, तर प्रवेश फी भरण्याआधी संयोजकांना दोनच प्रश्न विचारा: बर्फाचा टब कुठे ठेवला आहे, आणि खेळ थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे? उत्तर मिळाले नाही, तर मुलाला पाठवू नका.